तीन अक्षरं गाळली आणि माझे बाबा जमिनीवरून गायब झाले

आज सकाळी घरच्या ग्रुपवर आमच्या भाच्याने खानदेशातल्या गट नंबर 118 चा सातबारा टाकला. खाली नमस्काराचे हात, आणि लिहिलंय, "जिवंत सातबारा मोहिमेत आपलं काम झालं." आपलं म्हणजे कुणाचं रे बाबा? मी विचारलं, तर उत्तर आलं, "आत्या, सातबाऱ्यावर तुमच्या बाजूचं कुणाचं नावच नाही, मग विषय कुठे येतो?"

विषय कुठे येतो ते सांगते. मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा. आपल्यापैकी निम्म्या इंदूरकरांची जमीन अशीच कुठेतरी महाराष्ट्रात भावांच्या भरवशावर पडलेली आहे, म्हणून ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे लिहिते आहे.

माझ्या आजोबांनी ती जमीन स्वतः विकत घेतली होती. तेव्हा ती सर्व्हे नंबर 63 होती, पुढे एकत्रीकरण झालं आणि गट 118 झाली. क्षेत्र 2 हेक्टर 40 आर. आजोबा 1968 मध्ये गेले. मागे आजी, थोरले काका, माझे बाबा आणि माईआत्या. बाबा तोवर इंदूरला नोकरीला लागले होते, माईआत्याचं लग्न झालं होतं. तलाठ्याने वारसाचा फेरफार घातला, त्यात चौघांचीही नावं आहेत. पण सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना सातवर, भोगवटादार म्हणून फक्त थोरल्या काकांचं नाव चढलं आणि त्याच्यापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. बायकांची नावं गेली 'इतर हक्क' या रकान्यात, कर्जाच्या बोजाच्या शेजारी. तेव्हा सगळीकडे असंच करत.

बाबांच्या पत्र्याच्या पेटीत तो हाताने लिहिलेला उतारा आहे. काकांचं नाव, पुढे ए.कु.मॅ. आणि शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. त्या गोलातल्या नंबराकडे कुणी बघत नाही, आणि सगळी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. सातबाऱ्यावर नाव कशामुळे आलं हे त्या नंबराचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढल्याशिवाय कळत नाही.

मग सातबारे संगणकावर चढले. टाइप करणाऱ्याने नाव उतरवलं, ए.कु.मॅ. गाळलं. मुद्दाम की घाईत, देव जाणे. पण परिणाम बघा. काका कुटुंबाचे मॅनेजर होते, ते एका रात्रीत एकटे मालक दिसायला लागले. आठ-अ, म्हणजे खाते उतारा, काढला तर खात्यावर त्यांचं एकट्याचं नाव. 'इतर हक्क'मधली आजी आणि माईआत्याही आताच्या उताऱ्यावर नाहीत. आणि 2025 मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची मोहीम आली तेव्हा कचेरीने काय बघितलं? छापलेलं नाव. काका गेलेले, म्हणून काकांची मुलं आणि काकू. झालं, सातबारा 'जिवंत'.

माईआत्या 84 वर्षांची आहे, सुदामा नगरला राहते. ती पण ग्रुपवर आहे. तिने तो उतारा मोठा करून वाचला आणि मला फोन केला. जमिनीचं काही बोललीच नाही. "आईचं नाव पण काढलं का गं?" एवढंच. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

आता कायद्याचं. सातबारा हा मालकीचा दस्त नाहीच मुळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं की नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने हक्क जन्माला येत नाही, आणि नोंद गेल्याने मरतही नाही. आजोबांची जमीन स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आजी आणि तिन्ही मुलांना सारखे चार हिस्से. पुढे आजी गेली, तिचा हिस्सा तिघांत. म्हणजे प्रत्येकी 80 आर, साधारण दोन एकर. माईआत्याचे दोन एकर, बाबांचे दोन एकर. हे भाच्याला कुणी शिकवलं नाही, आणि त्याच्या बापाला माहीत असून तो गप्प बसला, याचा मला जास्त राग आहे.

बरं, मान्य. दादाने, म्हणजे भाच्याच्या बापाने, तिथे विहीर खणली, सोसायटीचं कर्ज फेडलं, उन्हातान्हात तो राबला, आम्ही नाही. त्याचा हिशेब समोर बसून करू, मी नाही म्हणणार नाही. पण राबला म्हणून बहीण कागदावरून पुसायची?

इकडे मध्य प्रदेशात काही फार वेगळं नाही म्हणा. खसरा, बी-वन खतौनी आणि ती पावती, इथेही नावांचा घोळ असतोच. पण निदान तहसील इथे आहे, जाऊन उभं राहता येतं. तिकडचा फेरफार होतो तेव्हा नोटीस गावातल्या पत्त्यावर जाते, आणि गावात तुमचं कोण आहे? ज्याच्या नावावर जमीन चढणार तोच!

म्हणून एवढं करा. नोटीस लागल्यापासून हरकतीला 15 दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. 'आपली चावडी' या सरकारी साइटवर गावाचं नाव टाकलं की चालू फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या दिसतात. नव्या सातबाऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' असंही छापलेलं असतं, ते वाचा. आमच्या भाच्याने मोहीम जिंकल्यासारखा फोटो टाकला, पण नोंद अजून प्रमाणित झालेली नाही. मी सकाळीच चावडीवर बघितलं, मुदत बाकी आहे. लेखी हरकत गेली की प्रकरण सुनावणीला जातं. आणि प्रमाणित झाल्यावर कळलं, तर प्रांताकडे 60 दिवसांत अपील.

गाळलेल्या अक्षरांसाठी वेगळा अर्ज, कलम 155 खाली, लेखनप्रमाद दुरुस्तीचा. त्याला जोडायचं काय? जुना हस्तलिखित सातबारा, 1968 चा फेरफार, आणि सर्व्हे 63 चाच गट 118 झाला हे दाखवणारा एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा. हा शेवटचा कागद विसरलात तर समोरचा म्हणतो, तुमचा फेरफार दुसऱ्याच जमिनीचा आहे. 155 ने हिस्से ठरत नाहीत हेही सांगून ठेवते. फक्त जे उतरवताना गळलं ते परत येतं. हिस्स्यावरून वाद झालाच तर दिवाणी कोर्ट, आणि मला ते नको आहे. दादाशी मला कोर्टात बोलायचं नाही, मी त्याला राखी बांधते.

पण भाच्या, तू ही पोस्ट वाचणार आहेसच. हरकतीवर माईआत्याची सही झाली आहे, माझी आणि भावाचीही. सोमवारी भाऊ सेंधव्यावरून गाडी घेऊन निघतोय. तुझ्या बाबांना सांग, तलाठी कार्यालयात येताना आजोबांच्या खरेदीखताची प्रत घेऊन या, ती तुमच्या कपाटात आहे.