तीस किलोंचा ताळेबंद

कुत्रा पाळायला वर्षाला किती खर्च येतो, असे विचारणाऱ्या माणसाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते आणि त्याला आपल्याकडून त्यावर फक्त सही हवी असते. माझा भाचा ओंकार याचे उत्तर ‘महिन्याला फार तर दीड हजार’ असे होते. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचा फोटो त्याने मोबाइलवर सगळ्यांना दाखवून झाला होता, त्याच्या आईने अट घातली होती की मामाकडून लेखी अंदाजपत्रक आणल्याशिवाय पिल्लू घरात येणार नाही, आणि घरात लॅब्रॅडॉर असलेला व जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबांची तपासणी केलेला असा मामा आमच्या कुळात मीच एकटा असल्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडले.

हिशेब मांडायला बसलो तेव्हा समोर आबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांच्या मते हा हिशेबाचा विषयच नव्हता. ‘‘आमच्या मोत्यानं गावाकडं भाकरी-आमटीवर पंधरा वर्सं काढली. कसलं डॉक्टर नि कसलं काय!’’ असे त्यांनी सुनावले. अधिक चौकशी केल्यावर असे निष्पन्न झाले की या पंधरा वर्षांत मोत्या नावाचे चार कुत्रे होऊन गेले होते. एक मोत्या गेला की दुसऱ्याची नेमणूक त्याच नावाने होत असल्यामुळे आबांच्या आठवणीत मात्र एकच दीर्घायुषी मोत्या शिल्लक राहिला होता.

कुत्र्याच्या खर्चात सगळ्यात आधी विचारायची गोष्ट म्हणजे त्याचे वजन. जात, रंग, वंशावळ हे सगळे नंतर. आमचा बंड्या तीस किलोंचा आहे. त्याचे अन्न, जंताच्या गोळ्या, गोचिडांचे औषध आणि वेळ आलीच तर भूल, हे सारे किलोवर ठरते. लस तेवढी याला अपवाद आहे, कारण पाच किलोंच्या कुत्र्याला आणि पन्नास किलोंच्या कुत्र्याला तिची मात्रा सारखीच लागते.

तीस किलोंच्या, बेताने हिंडणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण साडेचौदाशे कॅलरी लागतात. कोरड्या खाद्यात त्या सुमारे चारशे ग्रॅममध्ये मिळतात. मध्यम प्रतीचे खाद्य तीनशे रुपये किलोने धरले तर दिवसाचे एकशे वीस रुपये आणि वर्षाचे ४३,८०० रुपये होतात. हा आकडा ऐकताच ओंकारने घरच्या जेवणाचा पर्याय पुढे केला. मी त्याला सांगितले की आमच्याकडे सकाळी कोरडे खाद्य आणि रात्री घरचे अशीच पद्धत आहे, आणि मग रात्रीच्या ताटाचा हिशेब मांडला. दीडशे ग्रॅम हाडांशिवायची कोंबडी पंचेचाळीस रुपये, एकशे वीस ग्रॅम तांदूळ सहा रुपये, एक अंडे सात रुपये आणि गाजर किंवा दुधी दोन रुपये, म्हणजे एकूण साठ. सकाळचे दोनशे ग्रॅम कोरडे खाद्यही साठ रुपयांचेच. वर्षभर घरी भात शिजवून, कोंबडी उकडून, वर भांडी घासून आम्ही जी बचत केली ती शून्य रुपये आहे. शिवाय भात-कोंबडीत कॅल्शियम फारच कमी असल्यामुळे त्याची भुकटी वेगळी घालावी लागते, ती मी माझी बायको वैशाली हिच्या नजरेस पडू नये म्हणून किरकोळ खर्चात टाकलेली आहे.

कोल्हापुरात या जेवणाची खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या घरी शिजणाऱ्या कोणत्याही चवदार पदार्थाला कांदा-लसणाशिवाय सुरुवात होत नाही, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. त्यामुळे तांबडा रस्सा बाद, पांढरा रस्सा बाद, आणि शिजवलेली हाडे टोकदार चिरफळ्या होऊन आतडे जखमी करतात म्हणून नळीही बाद. रविवारी मटण शिजताना तीस किलोंचा एक जीव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकटक पाहत असतो आणि आपण त्याच्यापुढे अळणी दुधीभात ठेवतो, त्या वेळी होणाऱ्या मानसिक क्लेशांची किंमत मी अंदाजपत्रकात धरलेली नाही.

लसीकरणाचा खर्च तुलनेने गरीब आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा आणि तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, असे पहिले वर्ष जाते. त्यानंतर दरवर्षी एकत्रित लसीचे नऊशे आणि रेबीजचे तीनशे धरावेत. ‘‘घराबाहेर न जाणाऱ्या कुत्र्याला कशाला हवी?’’ असे विचारणाऱ्यांना मी पंचगंगा दाखवतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे पाणी किती घरांच्या उंबऱ्यांपर्यंत आले हे आपल्याला ठाऊक आहे, आणि एकत्रित लसीतल्या या एका घटकाचे संरक्षण जेमतेम वर्षभरच टिकते. लस टोचल्यावर बाटलीवरचे चिकटपत्र कार्डावर लावून घ्यावे. त्यावर लसीचा गट क्रमांक आणि मुदत असते. ज्या कार्डावर नुसती सही असते त्याला माझ्यासारखा लेखापरीक्षक पावती मानत नाही.

खरा पैसा जातो तो गोचिडांवर. आपल्या दमट हवेत गोचीड सुट्टी घेत नाही. तिच्या चाव्यातून येणारा ताप कुत्र्याच्या प्लेटलेट उतरवतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि एका प्रकारात लघवी काळ्या चहासारखी होते. तीन महिने टिकणारी चघळण्याची गोळी वीस ते चाळीस किलोंच्या गटात सुमारे दोन हजारांना पडते, म्हणजे वर्षाला आठ हजार. जंताच्या गोळ्या दर दहा किलोंना एक या हिशेबाने दर तीन महिन्यांनी तीन, त्याचे वर्षाला सहाशे. लसीसह ही सगळी बेरीज ९,८०० होते. गोळीचा भाव ऐकून आबांनी कडुलिंबाचा पाला सुचवला. बंड्याने तो अंथरुणासारखा वापरला आणि गोचिडांनी त्यावर काही हरकत घेतली नाही.

सौंदर्यप्रसाधनाचे फार लांबवत नाही. लॅब्रॅडॉरचे केस कापायचे नसतात, ते तो स्वतःच वर्षभर सोफ्यावर वाटत फिरतो. दर तीन महिन्यांनी पार्लरमध्ये अंघोळ, नखे आणि कान यांचे बाराशे, घरचा शाम्पू, ब्रश व कान धुण्याचे औषध मिळून वर्षाला दोन हजार, असे ६,८०० पुरतात. पडक्या कानांत अंघोळीचे पाणी राहिले की बुरशी धरते आणि आंबूस वास येऊ लागतो, तेव्हा कान कोरडे करण्यात आळस केला तर हा आकडा वाढतो.

आता आणीबाणी. ओंकारने या रकान्यात ‘आल्यास पाहू’ असे लिहिले होते. त्याला मी कणसाची फाइल दाखवली.

पावसाळ्यात रंकाळ्यावर भाजलेले कणीस खाणे हा कोल्हापूरकरांचा धर्म आहे आणि दाणे खाऊन झालेले कणीस वाटेत टाकणे ही त्यातली पाखंडी शाखा आहे. त्या शाखेच्या कुणा अनुयायाने टाकलेला एक तुकडा बंड्याने, मी ‘सोड’ म्हणेपर्यंत, न चावता गिळला. कणसाचा गाभा पोटात विरघळत नाही. तो आठवडाभरही जठरात गुपचूप पडून राहू शकतो, त्या काळात कुत्रा मजेत जेवतो आणि मालक निर्धास्त होतो. मग तो सरकून लहान आतड्यात अडकतो. बंड्याने एके सकाळी उलटी केली, दुपारी प्यालेले पाणीही टिकेना, शौच बंद झाले, आणि पाठीची कमान करून तो पुढचे पाय पसरून उभा राहू लागला. त्यातच त्याने अंडे नाकारले. लॅब्रॅडॉर अंडे नाकारतो तेव्हा थर्मामीटर शोधत बसू नये, गाडीची किल्ली शोधावी.

एक्स-रेमध्ये कणीस दिसले नाही, कारण ते हाडासारखे किंवा धातूसारखे उमटत नाही. दिसली ती वायूने फुगलेली आतड्याची वेटोळी, आणि सोनोग्राफीने अडथळ्याची जागा दाखवली. एक्स-रेचे सहाशे, सोनोग्राफीचे बाराशे, रक्त तपासणीचे हजार, भूल व शस्त्रक्रियेचे पंधरा हजार आणि पुढच्या सलाइन, प्रतिजैविके, टाके व गळ्यातले प्लास्टिकचे नरसाळे यांचे ५,२००, असे एकूण २३,००० रुपये झाले. कणीस पंचवीस रुपयांचे होते आणि तेही आमचे नव्हते. आणखी दिवसभर थांबलो असतो तर आतड्याचा तो भाग सडून कापावा लागला असता, बिल दीडपट झाले असते आणि बंड्या वाचेल याची खात्री कुणी दिली नसती. गावात होण्यापलीकडचे काही निघाले तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागते, त्याचे पेट्रोल वेगळे.

अशी मोठी घटना दरवर्षी घडत नाही, पण कुत्र्याच्या दहा-बारा वर्षांत ती दोन-तीनदा घडतेच असे धरून चालावे, शिवाय मधूनमधून जुलाब, लंगडणे, एखादा गोचीडताप असतोच. म्हणून आणीबाणी हा ‘आल्यास’चा रकाना नसून महिन्याला हजार रुपयांचा हप्ता आहे. यंदा खर्च झाला नाही तर तो नफा नव्हे, पुढच्या कणसाची ठेव आहे.

बेरीज ७२,४०० रुपये झाली. यात पहिल्या वर्षीच्या जादा लसी, पट्टा, भांडी, नसबंदी, गावाला जाताना कुत्रा कुठे ठेवायचा त्याचे भाडे आणि दात येण्याच्या काळात खाल्ल्या जाणाऱ्या कोल्हापुरी चपला नाहीत. ओंकारने मोबाइलवर तीसने भागून किलोमागे २,४१३ असा भाव काढला. हे शहर २०१९ मध्ये मटणाच्या दरावरून रस्त्यावर उतरले होते, तेव्हा आबांनी कान टवकारणे साहजिकच होते. ‘‘म्हंजे मटणापरीस तिप्पट? आणि ते खायला बी मिळत न्हाई?’’ असे म्हणून त्यांनी या व्यवहाराचा नाद सोडला.

ओंकार मात्र हरला नाही. ‘‘मग दहा किलोंचे कुत्रे घेतो, खर्च एकतृतीयांश,’’ असा तोडगा त्याने काढला. तो निम्माच खरा आहे. अन्न आणि गोचिडांची गोळी उतरते, तरी अन्नही वजनाच्या प्रमाणात उतरत नाही, कारण लहान कुत्र्याला किलोमागे जास्त कॅलरी लागतात. लस तेवढीच राहते, सोनोग्राफी तेवढीच राहते, आणि शित्झूसारखे सतत केस वाढणारे कुत्रे घेतले तर दर महिना-दीड महिन्याने पार्लरची वारी ठरलेली. त्याच्या नावाने पुन्हा बेरीज केली तेव्हा ती चाळीस हजारांच्या आसपास थांबली.

शेवटी त्याने आमच्या पतसंस्थेत महिना हजाराचे आवर्ती खाते उघडले आहे आणि वर्षभर हप्ता चुकवला नाही तर पिल्लू, असे त्याच्या आईने कबूल केले आहे. खात्याच्या अर्जावर ‘ठेवीचा उद्देश’ या ओळीत त्याने ‘शिक्षण’ लिहिले. मी ते बदलायला लावले नाही.