दोनशे रुपयांचा वाटा

आज सकाळी मासळी बाजारात मावशीने दोनशे रुपयांचा एक वाटा माझ्या पिशवीत टाकला. घरी येऊन ओट्यावर ओतला तर त्यात सात गोबरे. सातही माझ्या तळहाताएवढे. ज्यांनी गोबरा पाहिलाय त्यांना कळेल मी का वैतागलेय. हा मासा हात फाकले तरी मावत नाही एवढा होतो, आणि मला मिळाली त्याची बालवाडी. यातल्या एकानेही आयुष्यात एकदासुद्धा अंडी घातली नसतील.

तेवढ्यावर गप्प बसले असते. पण दुपारी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं की समुद्राचा तुकडा मासेमारीला बंद ठेवायचा म्हणजे कोळ्याच्या पोटावर पाय. चाळीस जणांनी अंगठे दिले. त्यातले निम्मे पुण्यात राहतात आणि सुरमईला इसवण म्हणतात हेही त्यांना आता आठवत नाही. म्हणून लिहितेय.

माझ्या मामाची होडी होती मालवणात. मी दहा वर्षांची असताना मे महिन्यात तो मला गरीला घेऊन जायचा. किल्ल्याच्या बाहेर, कुठे ते मी आजही सांगणार नाही, एक खडप होतं, पाण्याखालचा खडक. वरून काहीच दिसत नाही. किल्ल्याचा एक बुरूज आणि किनाऱ्यावरचा एक माड एका रेषेत आले की आपण त्याच्यावर. मामा तिथे होडी हळू करायचा आणि गरी वर ओढून घ्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, "थंय टाकूची नाय गो. थंय आवस आसा. तिका काढलंव तर फुडल्या वर्सा काय खातलंव?" आवस म्हणजे आई. मग शंभरेक हात पुढे जाऊन गरी सोडायचा. आणि तिथे लागायचे. रिकाम्या हातानं परत आल्याचं मला आठवत नाही. आता सगळे म्हणतील, लहानपणीचं सगळंच मोठं वाटतं. वाटत असेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की मामाच्या त्या खडपासारखी गोष्ट फिलिपिन्समध्ये लोकांनी मुद्दाम करून बघितली आणि वजनकाट्यावर मोजली. सेबूच्या दक्षिण टोकाजवळ सुमिलोन नावाचं चिमुकलं बेट आहे. भोवती प्रवाळाची कडा, सगळी मिळून अर्धा चौरस किलोमीटरच्या आसपास. १९७४ मध्ये सिलिमान विद्यापीठाच्या एंजेल अल्काला यांनी पुढाकार घेऊन तिचा साधारण एक चतुर्थांश भाग पूर्ण बंद केला. गरी नाही, जाळं नाही, सापळा नाही. उरलेल्या तीन चतुर्थांशावर समोरच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार छोट्या होड्या घेऊन नेहमीसारखे येत राहिले. दहाएक वर्षं असं चाललं. शेवटच्या वर्षी चौरस किलोमीटरमागे ३६-३७ टन मासळी निघत होती, प्रवाळाच्या पाण्यासाठी हा आकडा घसघशीत आहे.

मग तिथली सत्ता बदलली, राखण सुटली आणि १९८४ च्या सुमाराला बंद तुकड्यात सगळे घुसले. आता शाळेच्या ग्रुपच्या हिशेबाने काय व्हायला हवं? मासेमारीची जागा वाढली, म्हणजे मासळी वाढायला हवी. दीड-दोन वर्षांनी पुन्हा मोजलं तर २० टनांच्या आसपास. जवळपास निम्म्यावर! तेच बेट, जागा जास्त, मासे कमी. म्हणजे तो बंद चतुर्थांश उरलेल्या तीन चतुर्थांशाला पोसत होता. बंद होता म्हणूनच पोसत होता. बरं, घुसलेल्यांत सुरुंग फोडणारे आणि मासे हाकलत जाळ्यात घालणारेही होते, त्यामुळे सगळी घट फक्त तुकडा उघडल्यामुळे नाही, हे मान्य. पण ते लोक तिथे काय मिळेल म्हणून आले होते, हेही बघा ना.

हे होतं कसं, तर त्यात जादू काही नाही. मासा मेला नाही तर वाढतो, एवढंच. गोबरा, तांबोशी ही खडपाला धरून राहणारी मंडळी, एका जागी वर्षानुवर्षं. त्यांना कोणी उचललं नाही तर पाच वर्षांचा मासा दहा वर्षांचा होतो. आणि मोठ्या मासळीचं गणित सरळ नसतं. मादी दुप्पट वजनाची झाली तर अंडी दुपटीहून जास्त. उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या कॉड माशाचा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला: तीस किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी घालायला दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या लागतात. तीस किलो विरुद्ध छपन्न किलो! म्हणजे माझ्या ओट्यावरच्या सात पिल्लांऐवजी एक मोठी मादी पाण्यात असती तर तिचं मोल सातपटीहून कितीतरी जास्त होतं.

इथे मामाची थोडी फजिती सांगते. गोबरा आधी मादी असतो आणि वाढत वाढत पुढे नर होतो. त्यामुळे मामा जिला आवस म्हणायचा ती खडपावरची सगळ्यात मोठी असामी बहुतेक बापूस होती. मामा असता तर हे ऐकून माझ्यावर ओरडला असता. पण त्याचा मुद्दा आणखीच पक्का होतो. नेमके मोठे तेवढे काढत गेलात तर खडपावर नुसत्या माद्या उरतात आणि नर शोधावा लागतो.

तर मोठे झाले, दाट झाले, की खडपावर जागेची मारामारी सुरू होते. मग काही जण हद्दीबाहेर सरकतात आणि तिथे कोणाच्यातरी गरीला लागतात. शिवाय अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जातात ती वेगळीच. हद्दीबाहेर सरकणारे मासे मात्र फार लांब जात नाहीत. सुमिलोनच्या शेजारी, नेग्रोस बेटाला लागून आपो नावाचं बेट आहे. तिथल्या गावाने १९८२ पासून किनाऱ्याचा एक छोटा तुकडा बंद ठेवलाय. तिथे आतले मोठे शिकारी मासे वर्षाला थोडे थोडे वाढत गेले, पण बाहेर आठ-नऊ वर्षं जवळपास काहीच फरक दिसला नाही. त्यानंतर दिसला तो हद्दीपासून दोनशे-तीनशे मीटरपर्यंत. मामाचे शंभर हात आठवले मला. मामाने तराजू वापरला नव्हता, पण अंतर बरोबर होतं.

आठ-नऊ वर्षं. हेच कोणाला सांगायचं नसतं. पहिल्या वर्षी फोटो काढून बोर्ड लावायचा आणि तिसऱ्या वर्षी "काही उपयोग नाही" म्हणून मोकळं व्हायचं.

हो, बांगड्या-पेडव्याला याचा फारसा उपयोग नाही. इसवणीलाही नाही. ती मंडळी आज इथे, उद्या गोव्यात, तीन किलोमीटरचा बंद तुकडा त्यांना रस्त्यातल्या थांब्यासारखा. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकराचं दुःख समुद्रात मोठं जाळं घेरणाऱ्या पर्ससीनवाल्यांशी आहे आणि ते वेगळं भांडण आहे. आणि आपोलासुद्धा २०११ आणि २०१२ च्या वादळांनी तडाखा दिला, नेमका राखलेल्या बाजूचा प्रवाळच उद्ध्वस्त झाला. राखण करून वादळ थांबत नाही. झालं समाधान?

आता मालवणबद्दल. कागदावर आपल्याकडे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभ्याचा भाग तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर, किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूला. चाळीसएक वर्षं होत आली. आणि मी वाट्यात तळहाताएवढे गोबरे विकत घेतेय. गावात याला विरोध होता, आमच्या घरातूनही होता, आणि मी विरोध करणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. वरून नकाशा आला आणि खाली सांगितलं, इथून पुढे तुमचा समुद्र नाही. मीही भडकले असते. आपोला उलटं झालं. विद्यापीठातली माणसं आधी बेटावर येऊन बसली, बोलली, तुकडा लोकांनी निवडला आणि राखणही बेटावरच्याच माणसांनी केली. पाहुण्यांकडून घेतलेली फी गावाकडे येते. सुमिलोनची राखण तिथल्या पुढाऱ्यावर टिकून होती, पुढारी बदलला तशी गेली. दोन्ही बेटं एकमेकांच्या जवळ, शिकवणारी माणसं तीच.

राग थोडा उतरलाय, आता त्या खडपाचं काय झालं ते लिहिते. मघाशी लिहिणार नव्हते.

मामा गेला आणि त्यानंतर दोन वर्षांत होड्यांवर जीपीएस आलं. बुरूज आणि माडाची रेषा माहीत असण्याची गरजच संपली. कोणीतरी आकडे टिपले, ते एका मोबाईलवरून दुसऱ्यावर गेले. एका हंगामात खडप रिकामं झालं. पहिल्या चार दिवसांत म्हणे अशी मासळी लागली की लोकांनी बर्फ उधार आणला. माझा मामेभाऊ त्यात होता. त्याने नऊ किलोचा गोबरा आणला, आमच्या अख्ख्या वाडीत वाटे गेले. मी त्या दिवशी गावात होते. मी तो खाल्ला. तिखलं केलं होतं मामीने, भरपूर त्रिफळं घालून, आणि फार चांगलं झालं होतं.

त्यामुळे मी कोणाला शिकवावं असं काही नाही.

मघाशी मामेभावाला फोन केला. म्हटलं, त्या खडपावर आता काय आहे? म्हणाला, "आसत, पण ल्हान ल्हान. हाताएवढे." म्हटलं, मग काही वर्षं टाकू नकोस ना तिथे. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी सोडलंय तर दुसरो कोणतरी नेतलो. मगे?" आपोचं सांगायला सुरुवात केली, पण त्याला पहाटे निघायचं होतं.

फोन ठेवताना त्याने विचारलं, गोबऱ्यांचा वाटा कितीक दिलो. दोनशे, म्हटलं.

"महाग दिल्यान," म्हणाला.