तिरक्या पातळीचे सहा मार्क

इंजिनीअरिंगच्या गणिताच्या, म्हणजे एम-टूच्या, पेपरांचे गठ्ठे स्टाफरूममध्ये येऊन पडले की आमच्यातल्या प्रत्येकाला काहीतरी निकडीचं आठवतं. कुणाला बँकेत जायचं असतं, कुणाची पाठ धरते, एका सरांच्या घरी तर दरवर्षी ऐन तपासणीतच पाहुणे येतात. मला काही सुचेपर्यंत गठ्ठा माझ्या टेबलावर आलेला असतो आणि वरून विचारणाही होते, "मॅडम, तुम्हाला इंटिग्रेशन आवडतं ना?"

आवडतं हो. पण एकच इंटिग्रल शंभर हस्ताक्षरांत वाचायला कुणाला आवडेल?

या खेपेला सहा मार्कांचा प्रश्न असा होता: पॅराबोलॉइड z = x² + y² आणि प्लेन z = 2x यांच्यामध्ये बंदिस्त झालेल्या भागाचं घनफळ डबल इंटिग्रलने काढा. दिसायला अगदी गरीब प्रश्न. पॅराबोलॉइड म्हणजे आमटीचा खोलगट वाडगा. तो सरळ ठेवला तर आमटीची पातळी आडवी, म्हणजे z = 1 सारखी. तो तिरका धरला की वाडग्याच्या नजरेतून पातळी तिरकी होते, म्हणजे z = 2x सारखी. या तिरक्या पातळीखाली आमटी किती, एवढंच विचारलंय. मुलांनी त्यात जे काही सांडून ठेवलंय, ते मी लाल पेनने पुसत बसले होते.

पहिली पायरी z घालवायची. वाडगा आणि पातळी जिथे भेटतात तिथे दोघांची उंची सारखी, म्हणून x² + y² = 2x. इथवर सगळे येतात. पुढे 2x डावीकडे आणून दोन्ही बाजूंना 1 मिळवला की (x − 1)² + y² = 1, म्हणजे केंद्र (1, 0) आणि त्रिज्या 1 असलेलं वर्तुळ. पण वर्ग पूर्ण करणं ही शाळेतली गोष्ट इंजिनीअरिंगला आल्यावर करायला मुलांना कमीपणा वाटत असावा. एकाने सरळ लिहिलं होतं, "वर्तुळाची त्रिज्या √(2x)". जसजसं उजवीकडे जाल तसतशी वाढत जाणारी त्रिज्या! पेपरात तपासनीसाने शेरे लिहू नयेत असा नियम आहे, आणि तो माझ्यासारख्यांसाठीच केलेला आहे.

जी मुलं वर्तुळापर्यंत नीट पोचतात, त्यांतली बरीचशी लिहितात की पातळी वाडग्याला या वर्तुळात छेदते. नाही हो छेदत. तिरकी पातळी वाडग्याला लंबवर्तुळात छेदते. ते लंबवर्तुळ x = 0 ला तळाशी सुरू होतं आणि x = 2 ला चार एकक उंचीवर जातं, म्हणजे एका दिशेने लांबी 2√5 आणि दुसऱ्या दिशेने रुंदी फक्त 2. आपण z घालवला तेव्हा उंचीची माहितीच टाकून दिली. उरली ती त्या लंबवर्तुळाची जमिनीवरची सावली, आणि ती नेमकी वर्तुळ निघते. इंटिग्रल या सावलीवरच घ्यायचं असतं, म्हणून काम भागतं. मार्क मी कापत नाही. फक्त मनात चरफडते.

मग पोलर. r² = 2r cosθ, म्हणून r = 2cosθ. आता थीटाच्या लिमिट्स. हे वर्तुळ y-अक्षाला आरंभबिंदूपाशी टेकलेलं आहे आणि सगळंच्या सगळं उजवीकडे आहे. आरंभबिंदूवर उभं राहिलं तर ते पूर्ण पाहायला थेट खालपासून थेट वरपर्यंत मान वळवली की पुरे, −π/2 ते π/2. पण वर्तुळ दिसलं की आमच्या मुलांचा हात आपोआप 0 ते 2π लिहितो. त्यांचं उत्तर π येतं, बरोबर दुप्पट, कारण r = 2cosθ तेवढ्या थीटात वर्तुळाला दोनदा प्रदक्षिणा घालतो.

काही जण 0 ते π लिहितात, आणि देवाच्या कृपेने त्यांचं उत्तर बरोबर येतं! π/2 च्या पुढे cosθ उणे होतो, r उणे म्हणजे उलट दिशेने चालायचं, आणि वर्तुळाचा राहिलेला खालचा अर्धा भाग त्या उलट्या चालीत पूर्ण होतो. लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. याला मार्क द्यायचे की नाही यावरून स्टाफरूममध्ये दोन तट पडले. पाहुणेवाले सर म्हणाले, "उत्तर आलंय ना? द्या आणि सुटा." मी दिले. अज्ञानाचा पुरावा काय देणार?

योग्य वाट अशी: वरच्या पातळीतून खालचा वाडगा वजा करायचा आणि त्याला r dr dθ जोडायचं.

```
V = ∫(−π/2 → π/2) ∫(0 → 2cosθ) (2r cosθ − r²) r dr dθ
  = ∫(−π/2 → π/2) (16/3 − 4) cos⁴θ dθ
  = (4/3)(3π/8) = π/2
```

मधला एकटा r विसरणारे प्रत्येक बॅचला असतातच. ते ओळखायला पायऱ्या वाचाव्या लागत नाहीत. त्यांचं उत्तर 16/9 येतं, π गायब. गोल वस्तूच्या घनफळातून π निघून गेला तर माणसाला जरा तरी शंका यावी की नाही? ते बिनधास्त खाली दोन रेघा मारून चौकट करतात.

पण माझा खरा छळ केला तो वेगळ्याच टोळीने. पेपरामागून पेपर असे येत होते, की शेवटी उत्तर π/2, चौकटीत, सुवाच्य. आणि चौकटीच्या डाव्या बाजूला कागद जरा खरवडलेला. कुठे व्हाइटनरचा ठिपका, कुठे आडव्या रेघेवर उभी रेघ मारून केलेलं अधिक. एकाने तर प्रामाणिकपणे लिहिलंच होतं: "V = −π/2, पण घनफळ उणे नसतं, म्हणून V = π/2."

आधी मला वाटलं, वर्गात कॉपी झाली. मग वरच्या ओळी पाहिल्या. या सगळ्यांनी वर्तुळ बरोबर काढलं होतं, त्रिज्या 1 हेही बरोबर. फक्त केंद्र (1, 0) आहे हे लिहून लगेच विसरून गेले होते. लिमिट्स r च्या 0 ते 1 आणि थीटाच्या 0 ते 2π. म्हणजे वर्तुळ उचलून आरंभबिंदूभोवती आणून ठेवलं. तसं इंटिग्रल केलं तर −π/2 येतं. आकडा बरोबर, चिन्ह तेवढं उलटं. आणि चिन्ह खोडायला कितीसा वेळ लागतो?

हा योगायोग असेल म्हणून मी z = 4x घेऊन पाहिलं. त्यात त्रिज्या 2, खरं घनफळ 8π, आणि या टोळीच्या पद्धतीने −8π. हातातला गठ्ठा बाजूला सारून मी कारण शोधत बसले, कारण गठ्ठा बाजूला सारायला एवढं निमित्त पुरतं.

कारण असं आहे. सरकवलेल्या वर्तुळाच्या डाव्या अर्ध्या भागात 2x उणे आहे, तिथे पातळी वाडग्याच्या खालीच जाते. उजवीकडे तिचं जेवढं अधिक, तेवढंच डावीकडे उणे, त्यामुळे cosθ ची टर्म पूर्ण फेरीत शून्य होते. पातळी हिशेबातून उठून गेली! मागे उरलं फक्त −r², म्हणजे वाडग्याच्या बाहेरून, त्याच्या खाली असलेल्या पोकळीचं घनफळ, उणे चिन्हासकट. मुलांनी आमटी मोजलीच नाही, वाडग्याखालची हवा मोजली.

मग हवा आणि आमटी सारख्या का? तर त्रिज्या a आणि उंची a² असलेला दंडगोल घेऊन त्यात हा वाडगा बसवला, की वाडगा त्या दंडगोलाचे नेमके दोन सारखे भाग करतो. आत πa⁴/2, बाहेर πa⁴/2. हे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केलेलं आहे, तेही इंटिग्रेशनचं नाव जन्माला येण्याआधी. पातळी आडवी असो की तिरकी, तिच्याखालच्या आमटीची खोली अक्षाला समांतर मोजून जर सारखीच भरली, तर घनफळही सारखंच, हेही त्यानेच दाखवलंय. आपल्या उदाहरणात (1, 0) वर पातळी 2 आणि वाडगा 1, खोली 1. आडव्या z = 1 साठी तळाशी खोली 1. दोन्हींचं घनफळ π/2. उत्तर पडताळायला मुलांना एवढं पुरेल: सावलीच्या केंद्रावरची खोली काढा, सावलीच्या क्षेत्रफळाने गुणा, अर्धं करा. पण पडताळा घेणं आमच्याकडे अविश्वास दाखवणं समजतात.

त्या टोळीला मी सहापैकी दोन दिले. रीचेकिंगला अर्ज आले. "उत्तर बरोबर असून मार्क नाहीत," असं पालकांचंही म्हणणं पडलं.

पुढच्या युनिट टेस्टला मी पेपर सेट केला आणि प्लेन दिलं z = 2x + 3. आता सावली (x − 1)² + y² = 4, त्रिज्या 2. पोलरमध्ये आरंभबिंदूवरून करायला गेलात तर r = cosθ + √(cos²θ + 3), त्याचा चौथा घात काढता काढता पुरवणी संपेल. त्यापेक्षा आरंभबिंदूच केंद्रावर नेऊन ठेवायचा: x = 1 + r cosθ, y = r sinθ. मग वरून खालचं वजा केलं की 4 − r² एवढंच उरतं, लिमिट्स खरोखरच 0 ते 2 आणि 0 ते 2π होतात, आणि दोन ओळींत 8π. नुसतं वर्तुळ सरकवणाऱ्यांचं मात्र 4π येणार, धन, निम्मं, आणि खोडून सुधारता न येणारं. मी मनातल्या मनात हात चोळले.

वर्गातल्या बहुतेकांनी पर्यायी प्रश्न सोडवला. बीटा-गॅमा फंक्शनचा होता.

ज्या थोड्यांनी हा घेतला, त्यांतला एक पेपर देऊन जाता जाता टेबलाशी थांबला. चेहरा एकदम प्रसन्न. म्हणाला, "मॅडम, माझं 4π आलंय. आणि या वेळी काही खोडावं पण लागलं नाही."