दरवाजा बंद नाही, फक्त जड झालाय

‘1978च्या 44व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीचा दरवाजा कायमचा बंद केला. आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात, अंतर्गत अशांतता हे कारणच घटनेतून काढलंय आणि जगण्याचा हक्क तर कुणीच काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे 1975 पुन्हा घडणं अशक्य. उगाच भीती पसरवू नका.’

यातलं एकही वाक्य वरवर पाहता खोटं वाटत नाही, म्हणून तर हा मेसेज फिरतो. गडबड ‘त्यामुळे’ या शब्दात आहे. एकेक मुद्दा उघडून बघू.

मंत्रिमंडळाचं आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. 25 जून 1975च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र पाठवलं. त्यात म्हटलं होतं की हा विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचा होता, पण आज रात्री ते शक्य नाही. कामकाज नियमांतल्या नियम 12खाली मिळालेल्या अधिकारात मी ही सवलत घेते आहे आणि उद्या सकाळी पहिल्यांदा मंत्रिमंडळाच्या कानावर घालीन. राष्ट्रपतींनी रात्रीच सही केली. मंत्रिमंडळ 26 तारखेला पहाटे सहाच्या सुमाराला बसलं आणि झालेल्या गोष्टीला मान्यता देऊन उठलं.

ही पळवाट 44व्या दुरुस्तीने खरोखरच बुजवली. अनुच्छेद 352 आता सांगतो की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज राष्ट्रपतींना उद्घोषणा काढताच येणार नाही. (जाता जाता, पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री या अर्थाने ‘मंत्रिमंडळ’ हा शब्द मूळ घटनेत नव्हता. तो आला तो याच कलमातून.) पण ज्या मंत्र्यांनी पहाटे सहाला मान डोलावली, त्यांना रात्री अकराला उठवून विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? त्यांच्यापैकी एकानेही या कारणावरून राजीनामा दिला नाही. या कलमाने एकट्या पंतप्रधानाचा हात धरला आहे. पंतप्रधानासकट अख्खं मंत्रिमंडळ एका बाजूला असेल, तर धरायला हात उरत नाही.

आता दोन तृतीयांश. इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेकांना हीच अट सगळ्यात भक्कम वाटते.

1975च्या वेळी संसदेची मंजुरी दोन महिन्यांत आणि साध्या बहुमताने चालत होती, आणि एकदा मिळाली की पुन्हा मागायची गरज नव्हती. 44व्या दुरुस्तीने मुदत एका महिन्यावर आणली, दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी घ्यायला लावली आणि दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत घातलं: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. सहा महिन्यांची अट मोलाची आहे, यात वाद नाही. 3 डिसेंबर 1971ला पाकिस्तानबरोबरच्या युद्धासाठी लावलेली आणीबाणी युद्ध दोन आठवड्यांत संपल्यावरही मार्च 1977पर्यंत तशीच चालू होती. म्हणजे 1975च्या जूनमध्ये देशात एक आणीबाणी आधीपासूनच होती आणि तिच्यावर दुसरी चढवली गेली. अशी विसरलेली आणीबाणी आता राहू शकत नाही.

पण विशेष बहुमताने 1975 अडलं असतं का? हे ताडून बघता येतं, कारण घटनादुरुस्तीला लागतं तेही असंच बहुमत. आणीबाणी लागल्यावर सव्वा महिन्याच्या आत 38वी दुरुस्ती झाली. राष्ट्रपतींचं आणीबाणीबद्दलचं समाधान अंतिम, त्यावर कोर्टात प्रश्न नाही, असं तिने ठरवलं. पाठोपाठ 39वी आली, ती पंतप्रधानांच्या निवडणुकीचा खटला कोर्टाच्या हातातून काढून घेण्यासाठी. लोकसभेने ती 7 ऑगस्टला मंजूर केली आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी. ज्या संसदेने ही मतं एका दिवसाच्या अंतराने जमवली, तिला आणीबाणीच्या ठरावासाठी तेवढीच मतं जड गेली नसती. 1971च्या निवडणुकीत काँग्रेसच्या एकट्याच्याच 518पैकी 352 जागा होत्या आणि भाकप आणीबाणीच्या बाजूने उभी होती.

आणि दोन तृतीयांश कुणाचे, हेही बघा. हजर राहून मत देणाऱ्यांचे. आजच्या 543च्या लोकसभेत सगळे आले तर 362 मतं लागतील. पण समजा सरकारकडे जेमतेम 272 आहेत आणि विरोधात 271. त्या 271पैकी 135 जण सभागृहात पोचलेच नाहीत, तर उरले 136. 272 अधिक 136 म्हणजे 408, आणि 408चे दोन तृतीयांश बरोबर 272. ठराव मंजूर. राज्यसभेतही हिशेबाची रीत हीच, फक्त आकडे वेगळे.

एवढे खासदार गैरहजर कसे राहतील? 26 जून 1975ला राजापूरचे खासदार मधु दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. तिथेच त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. राजापूरच्या मतदारांचा लोकसभेतला आवाज जुलैच्या अधिवेशनात तुरुंगात होता. खासदाराचे विशेषाधिकार प्रतिबंधक स्थानबद्धतेपुढे, म्हणजे खटल्याशिवाय खबरदारी म्हणून डांबण्यापुढे, चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1965मध्येच सांगून ठेवलं आहे आणि 44व्या दुरुस्तीने त्याला हात लावलेला नाही. शिवाय मंजुरीसाठी महिनाभर मुदत आहे. त्या महिन्यात उद्घोषणा पूर्ण अमलात असते.

‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, हे चांगलं झालं. मोर्चे, संप, विद्यार्थ्यांची आंदोलनं यांना सशस्त्र बंड म्हणणं कठीण आहे, आणि आता कोर्ट निदान दुष्ट हेतू तपासू शकतं. 38व्या दुरुस्तीने घातलेलं कुलूप 44वीने काढलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मिनर्व्हा मिल्स खटल्यातल्या 1980च्या निकालाने ही तपासणी मान्य केली. फक्त एक बारकावा: बंड झालेलं असावंच लागतं असं नाही. युद्ध असो, आक्रमण असो की बंड, त्याचा धोका तोंडावर आहे असं वाटलं तरी उद्घोषणा काढता येते, असं त्याच अनुच्छेदात लिहिलंय.

‘कायमचं काढलं’ असं म्हणणाऱ्यांनी 59वी घटनादुरुस्ती वाचावी. मला नेहमी आश्चर्य वाटतं की आणीबाणीवरच्या एवढ्या चर्चेत तिचं नाव निघत नाही. 44वी दुरुस्ती अमलात येऊन नऊ वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मार्च 1988मध्ये ही दुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद 359-क घातला आणि पंजाबपुरतं ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण दोन वर्षांसाठी परत आणलं. एवढ्यावर ती थांबली नाही. आणीबाणीत कुठल्या हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद करता येते हे सांगणारा अनुच्छेद 359 आहे आणि जगण्याचा हक्क अनुच्छेद 21मध्ये आहे. पंजाबच्या बाबतीत 359मधले ‘20 आणि 21 वगळून’ हे शब्द बदलून नुसतं ‘20 वगळून’ केलं. म्हणजे जगण्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद करण्याची सोय घटनेत, रीतसर, दोन तृतीयांश मतांनी परत आली. सत्तेवर होता चारशेहून अधिक खासदारांचा पक्ष. त्या अधिकारात पंजाबात आणीबाणी प्रत्यक्ष लावली गेली नाही आणि सरकार बदलल्यावर 63व्या दुरुस्तीने ते कलम रद्दही झालं. पण ‘कुणीच काढून घेऊ शकत नाही’ हे वाक्य 1988मध्येच खोटं ठरून गेलं आहे.

राहिला तुरुंगाचा प्रश्न. 27 जून 1975च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समानतेचा अनुच्छेद 14, जगण्याचा 21 आणि अटकेतल्या माणसाच्या हक्कांचा 22, यांच्यासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद केली. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची बाजू ऐकून घेतली, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही त्यांत होतं. 28 एप्रिल 1976ला सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते सगळं पुसून टाकलं. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते. 2017मध्ये खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात त्यांच्या चिरंजीवांनीच तो निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला.

44व्या दुरुस्तीने 20 आणि 21 आदेशाबाहेर ठेवले. 22 ठेवला नाही. आणि स्थानबद्ध माणसाला अटकेची कारणं कळण्याचा, स्थानबद्धता योग्य की नाही हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे प्रकरण जाण्याचा हक्क 22मध्येच आहे. आणीबाणीत आजही 22साठीची दारं बंद करता येतात. त्याचप्रमाणे बोलण्याच्या, एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्याचा अनुच्छेद 19 सशस्त्र बंडाच्या आणीबाणीत आपोआप निलंबित होत नाही, पण राष्ट्रपतींच्या आदेशात त्याचं नाव घालायला अडचण नाही. 21 शाबूत असल्यामुळे कोर्ट बरंच काही वाचवू शकेल, हे मान्य. पण त्यासाठी कोर्टाने खन्नांसारखं वागायला हवं.

खरं तर 44व्या दुरुस्तीने 22कडेही लक्ष दिलं होतं. तिच्या कलम 3मध्ये लिहिलंय की सल्लागार मंडळाशिवाय माणूस तीन नाही, दोनच महिने डांबता येईल. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल, अध्यक्ष कामावर असलेला न्यायमूर्ती असेल आणि बाकीचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती. सध्याच्या अनुच्छेदात ‘न्यायमूर्ती होण्यास पात्र’ माणूसही चालतो, म्हणजे पुरेशी वर्षं वकिली केलेला कुणीही.

हे कलम संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली. पण दुरुस्तीतली कुठली कलमं कधी लागू करायची हे केंद्र सरकारवर सोडलं होतं. बाकीची 1979मध्ये लागू झाली, कलम 3ची अधिसूचना निघाली नाही. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा वटहुकमाखाली पकडलं तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 1981च्या निकालात बहुमताने सांगितलं की सरकारला तारीख ठरवायला भाग पाडता येणार नाही. पाचपैकी दोन न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं.

त्यानंतर जनता पक्षातून निघालेले, काँग्रेसचे, आघाड्यांचे, आणीबाणीत स्वतः तुरुंगात गेलेल्यांचे, अशा सगळ्यांची सरकारं आली. घटनेची कुठलीही प्रत उघडून अनुच्छेद 22 काढा. खाली बारीक अक्षरात तळटीप दिसेल: 44व्या दुरुस्तीचं कलम 3 अमलात आल्यावर हा अनुच्छेद असा बदलेल. माझ्याकडच्या प्रतीत ती अर्धं पान खाते.