आरूढावर विसंबा, लग्न कोण पाहतो!

वाचकहो, स्वतःचा स्वभाव सुधारण्याच्या खटपटीत आपण काही वर्षे घालवली असतील, तर ती वाया गेली हे आधी मान्य करून टाकावे. ज्योतिषात स्वभाव लग्नावरून आणि त्या लग्नाचा स्वामी ग्रह जो लग्नेश, त्यावरून पाहतात, आणि लग्न पाहण्याइतका वेळ सहसा कोणाला नसतो. लोक पाहतात ते आरूढ लग्न, म्हणजे आपल्याविषयी इतरांच्या मनात उभे राहिलेले चित्र. (लग्न हा शब्द वाचून ज्यांच्या डोळ्यांपुढे वरातीतला घोडा आला, त्यांनी तो परत पाठवावा. येथे लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास.) तेव्हा शहाण्याने स्वभावाचा नाद सोडून आरूढाची निगा राखावी.

त्यासाठी आरूढ काढता आले पाहिजे. लग्नापासून लग्नेश कितव्या स्थानी आहे ते मोजावे आणि तितकीच स्थाने लग्नेशापासून पुढे मोजावीत. जेथे पोहोचाल, तेथे आपली प्रतिमा बसलेली आहे. मोजताना सुरुवातीचे स्थान धरायचे असते. नवशिके पहिल्या मोजणीत ते धरतात, दुसऱ्या मोजणीत विसरतात, एक घर पुढे जातात आणि मग कोणा परक्याच्याच प्रतिमेला आपली समजून वर्षभर जपत बसतात. प्रतिमा स्वतःच्या स्थानी किंवा तेथून सातव्या स्थानी पडली, तर पडलेल्या जागेपासून दहावे स्थान घ्यावे, असा प्रचलित नियम आहे. काही अभ्यासक हे अपवाद पाळत नाहीत, पण जे पाळतात त्यांच्या मते माणूस आणि त्याची प्रतिमा यांना एका घरात नांदू देणे शास्त्राला मंजूर नाही. निदान एवढ्या बाबतीत तरी शास्त्र आणि शेजारीपाजारी यांचे एकमत दिसते.

हा नियम ज्या सूत्रांत सांगितला आहे, तीही याच थाटाची आहेत. सूत्रकार जैमिनी म्हणतात, ‘स्वस्थे दाराः’. सरळ वाचणाऱ्याला त्यात पत्नी दिसते, आणि तो लगेच चेहरा गंभीर करून विवाहसौख्यावर बोलू लागतो. प्रत्यक्षात हे शब्द कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक देण्याच्या, पद्धतीने लिहिलेले आकडे आहेत. ‘स्व’ मधल्या व चे ४ होतात. ‘दारा’ मधल्या द चे ८ आणि र चे २. आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे म्हणून २८, आणि त्याला १२ ने भागले की बाकी ४. म्हणजे लग्नेश चौथ्या स्थानी असेल तर आरूढही चौथेच धरावे, इतकाच अर्थ. पत्नीचा तेथे काही संबंध नाही. ती केवळ त्या सूत्राची प्रतिमा आहे.

आता गणिताकडे थोडे बारकाईने पाहावे, कारण खरी गंमत तेथे आहे. लग्नेश कोणत्याही स्थानी असला, तरी दोनदा सारखे मोजल्यामुळे उत्तर नेहमी विषम स्थानी येते. त्यातले पहिले आणि सातवे अपवादाने दहाव्या व चौथ्या स्थानी जातात. म्हणून आरूढ लग्न फक्त तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, नवव्या, दहाव्या किंवा अकराव्या स्थानी असू शकते. आपले उत्तर दुसरे, सहावे, आठवे किंवा बारावे आले असेल, तर आपल्या नशिबाला दोष न देता मोजणी पुन्हा करावी. चौथे किंवा दहावे आले, तर लग्नेश केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानी आहे ना, एवढे तपासावे. नसेल तर तेथेही चूकच आहे. रोग, ऋण, मृत्यू आणि व्यय यांच्या घरांत कोणाचीही प्रतिमा कधीच मुक्कामाला जात नाही. तेथे प्रत्यक्ष माणसाने जायचे असते.

याहून मौजेची गोष्ट अशी, की लग्नेश सहाव्या स्थानी असो वा बाराव्या, आरूढ येते ते थेट अकराव्या स्थानी, म्हणजे लाभस्थानी. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे विचारणाऱ्यांना आरूढाचे गणित ठाऊक नसावे. येथे आड जितका कोरडा, तितका पोहरा काठोकाठ. ज्यांना समाजात श्रीमंत दिसायचे आहे, त्यांनी पैसा मिळवण्याच्या भानगडीत न पडता, शक्य असल्यास, लग्नेश व्ययात घेऊन जन्मावे.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी हे साधले आहे. कन्या लग्न, लग्नेश बुध सहाव्या स्थानी कुंभेत. कन्येपासून कुंभ सहावी. कुंभेपासून सहा मोजले की कुंभ, मीन, मेष, वृषभ, मिथुन, कर्क. कर्क म्हणजे लग्नापासून अकरावे स्थान, आणि तेथे उच्चीचा गुरू. पुढच्या सिंहेत शनी. ऋणस्थानात बसलेला हा माणूस टेबलावर कर्जाच्या तीन हप्त्यांचे कागद पसरून, कोणता हप्ता या महिन्यात चुकवला तर कमी दंड पडेल, याचा हिशेब पेन्सिलीने करीत असतो. दारावरची घंटा वाजते. तो कागद वर्तमानपत्राखाली सारतो आणि दार उघडतो. समोर उभा असलेला मनुष्य चाचरत विचारतो, ‘साहेब, थोडी नड आहे, तुमच्यासारख्यांकडे नाही तर कोणाकडे मागायचे?’ गुरूच्या आरूढाने तो त्याला आत बोलावतो.

ही प्रतिमा कशावर जगते, हेही त्याच कुंडलीत पाहता येते. आरूढापासून दुसरे स्थान प्रतिमेच्या पोषणाचे मानतात. त्याचे आरूढ कर्केत, म्हणून दुसरे स्थान सिंह, आणि सिंह हे त्याच्या लग्नापासूनचे व्ययस्थान आहे. म्हणजे प्रतिमा जे खाते, ते त्याच्याच खर्चातून. त्यात शनी असल्याने हे पोषण हळूहळू, पण न चुकता महाग होत जाते. शिवाय खुद्द लग्नेश बुध आरूढापासून आठवा येतो. आठवे स्थान गुप्त गोष्टींचे, म्हणून खरा मालक प्रतिमेच्या तळघरात दडून बसलेला आहे. जे या गृहस्थांचे, तेच लग्नेश सहाव्यात असणाऱ्या प्रत्येकाचे, कारण ही स्थाने ग्रहांमुळे नव्हे, तर मोजणीमुळेच ठरतात.

वृश्चिक आणि कुंभ लग्नाच्या वाचकांना मात्र थोडी अधिक मोकळीक आहे. जैमिनी पद्धतीत या राशींना दोन दोन स्वामी मानतात, वृश्चिकेला मंगळ व केतू, कुंभेला शनी व राहू, आणि त्यांतला बलवान घेतात. कोण बलवान यावर दोन ज्योतिषी भांडू लागले, की जी प्रतिमा अधिक शोभेल तिच्या बाजूने आपण मान हलवावी. जन्मवेळ राशीच्या सीमेवर असेल तर काही मिनिटांनी लग्न बदलते व त्यासोबत आरूढही. तेव्हा घरातील घड्याळ पुढे होते की मागे, याची चौकशी सोयीच्या बाजूनेच करावी.

त्या गृहस्थांना मी हे सारे कागदावर काढून दाखवले. कर्ज फिटण्याचा योग ते विचारतील असे मला वाटले होते. त्यांनी कर्केवर बोट ठेवून विचारले, ‘हा गुरू येथून हलणार तर नाही ना?’ जन्मकुंडलीतील ग्रह हलत नाही, असे मी सांगितले. त्यांनी समाधानाने खिशात हात घातला, ठरल्याच्या दुप्पट दक्षिणा माझ्यापुढे ठेवली आणि मी सुटे शोधू लागताच म्हणाले, ‘राहू द्या हो, बाकीचे राहू द्या.’ मीही ठेवून घेतले, कारण त्यांच्या आरूढाचा मान राखणे मला भाग होते.