उत्तर न वाचता उत्तरपत्रिका कशी तपासावी

संशोधन पद्धतींच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आला की काही परीक्षक अजूनही उत्तरं वाचायला बसतात. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर तुमचं कठीण आहे. विद्यार्थी काय म्हणतोय हे समजून घेण्यात वेळ घालवू नका, तो कोणते शब्द वापरतोय तेवढं बघा. 'कंट्रोल ग्रुप' दिसला, टिक. 'कन्फाउंडिंग व्हेरिएबल' दिसलं, आणखी एक टिक. शेवटी 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' असं असेल, तर अधोरेखित करून टिक द्या आणि पान उलटा.

समजा, प्रश्न मोत्झार्टचा आहे. १९९३ साली रॉशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोत्झार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा ऐकला, दहा मिनिटं शरीर सैल सोडण्याच्या सूचनांची टेप ऐकली आणि दहा मिनिटं नुसतेच शांत बसले. प्रत्येक वेळी लगेच अवकाशीय तर्काची, म्हणजे आकार आणि आकृत्या मनातल्या मनात हाताळण्याची, चाचणी झाली. मोत्झार्टनंतरचे गुण, बुद्ध्यंकाच्या मापात सांगायचं तर, आठ-नऊ अंकांनी जास्त आले आणि हा फरक दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. आता प्रश्न असा, की यावरून 'अभिजात संगीतामुळे मुलं हुशार होतात' असं म्हणता येईल का? गुण पाच.

पहिल्या उत्तरात लिहिलंय, 'या प्रयोगात कंट्रोल ग्रुप नव्हता, म्हणून निष्कर्ष चुकीचा.' अक्षर सुंदर आहे. दोन गुण द्या. इथे एखादा चिकित्सक सहकारी कुरकुर करेल, की वेगळा गट नव्हता हे खरं, पण तीच माणसं तिन्ही स्थितींतून गेली. शांत बसणं आणि टेप ऐकणं याच तुलनेच्या स्थिती होत्या, म्हणजे कंट्रोलचं काम झालेलंच होतं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच त्याच्याकडे लक्ष देऊ नका, नाहीतर प्रत्येक उत्तरात 'तुलना कशाशी झाली?' हे शोधत बसावं लागेल.

दुसरं उत्तर तर पर्वणीच. 'वय, लिंग, बुद्धिमत्ता, कौटुंबिक पार्श्वभूमी, आहार, झोप ही कन्फाउंडिंग व्हेरिएबल्स आहेत.' सहा मुद्दे! नमुना उत्तरात तीनच मागितलेत, तेव्हा पूर्ण गुण देऊन टाका. तीच व्यक्ती तिन्ही स्थितींत असेल, तर मोत्झार्ट ऐकताना तिची बुद्धिमत्ता एक आणि शांत बसताना दुसरी कशी असेल, असा विचार मनात येऊ देऊ नका. एखादं चल कन्फाउंड ठरायला, म्हणजे फरकाचं खरं कारण कदाचित तेच असेल असं म्हणायला, दोन गोष्टी लागतात. ते स्थितीबरोबर बदललं पाहिजे, आणि त्याचा चाचणीच्या गुणांवर परिणाम व्हायला हवा. खोलीतला पंखा तिन्ही वेळी सारखाच घरघरत असेल, तर लक्ष विचलित होईल, सगळ्यांचेच गुण कमी येतील, पण मोत्झार्टला त्याचा वेगळा फायदा मिळणार नाही. हे दोन प्रश्न विचारत यादी तपासायला गेलात, तर सहापैकी वय, लिंग, बुद्धिमत्ता आणि पार्श्वभूमी लगेच गळतील. राहतील फार तर आहार आणि झोप, आणि तीही चाचण्या वेगवेगळ्या दिवशी झाल्या असतील तर. बिचाऱ्या विद्यार्थ्याने इतकं पाठ केलेलं असताना कशाला तो कठोरपणा?

तिसऱ्या उत्तराशी जरा सावधपणे वागा. त्यात यादी नाही, व्याख्या नाही, अक्षरही किडकं. मुलीने एवढंच लिहिलंय की चाचण्या कोणत्या क्रमाने झाल्या ते प्रश्नात दिलेलं नाही. मोत्झार्ट नेहमी शेवटी असेल, तर वाढलेले गुण निव्वळ सरावाचेही असू शकतात, त्यामुळे क्रम माणसागणिक बदलायला हवा. पुढे ती म्हणते की दहा मिनिटं गप्प बसलं की कंटाळा येतो आणि तो सोनाटा उत्साही आहे, मग गुण संगीतामुळे वाढले की तरतरीमुळे? नमुना उत्तरात 'क्रम' नाही, 'कंटाळा' तर नाहीच नाही. अर्धा गुण, तोही प्रयत्नाबद्दल.

योगायोग असा, की २००१ साली टॉम्पसन, शेलनबर्ग आणि हुसेन यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. काहींना मोत्झार्टचा तो उत्साही सोनाटा ऐकवला, काहींना अल्बिनोनीच्या नावाने ओळखला जाणारा संथ, उदास अडाजिओ, आणि दोन्हींची तुलना शांततेशी केली. मोत्झार्टवाल्यांचे गुण वाढले, अडाजिओवाल्यांचे नाही, आणि मनःस्थिती व तरतरी यांतला फरक आकडेमोडीतून वजा केल्यावर मोत्झार्टची आघाडीही उरली नाही. त्या मुलीच्या कंटाळ्याला थेट शोधनिबंधाचा आधार मिळाला म्हणायचा. पण तुमच्याकडे नमुना उत्तर आहे, आणि ते २००१च्या आधीचं असलं तर त्याला आपला इलाज नाही.

आता कार्यकारणभाव. इथे वाक्य पाठ असलं की पुरे. 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' हे कुठेही लिहिलेलं असो, टिक. इथे सहसंबंधाचा अभ्यासच नव्हता, संशोधकांनी कोण काय ऐकणार हे स्वतः ठरवलं होतं, त्यामुळे क्रम नीट फिरवलेला असेल तर 'त्या स्थितीतल्या कशामुळे तरी गुण तात्पुरते वाढले' एवढं कारण सांगायला हरकत नाही. अडचण त्याच्या पुढे आहे. त्या 'कशामुळे तरी'ला 'संगीतामुळे' म्हटलं, त्यातही 'अभिजात' शब्द चिकटवला, एका प्रकारच्या चाचणीची 'हुशारी' केली, पंधरा मिनिटांचा 'कायमचा' परिणाम केला, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जागी तान्ही बाळं बसवली. एकाच वाक्यात पाच उड्या. विद्यार्थ्याने कोणती उडी पकडली हे बघायला लागलात, तर पाच गुणांत पाच वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतील. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने १९९८ साली प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची सीडी देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद सुचवली होती. बाळं त्या प्रयोगात कुठेच नव्हती. एवढा मोठा माणूस पाचही उड्या मारतो, मग विद्यार्थ्याचे गुण का कापायचे?

उलट बाजूने घाबरलेली उत्तरंही येतात. 'संगीताचा कदाचित काही अंशी परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही, परंतु काहीही निश्चित सांगता येत नाही.' अशा वाक्याला संयमाचे गुण द्या. त्यात कशाविषयी शंका आहे आणि कोणती माहिती मिळाली तर ती फिटेल, याचा पत्ता नसतो. त्यामुळे ते कुठल्याही प्रयोगाखाली बसतं, आणि परीक्षकाला वाद घालायला जागाच राहत नाही.

निकालानंतर ती किडक्या अक्षराची मुलगी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करेल. तेव्हा पान उघडून तिचा मुद्दा वाचायची चूक करू नका. तिला कळवा, की अपेक्षित मुद्दे आढळले नाहीत. ती फारच चिवट निघाली, तर तिला यादीवाल्या मुलाची उत्तरपत्रिका नमुना म्हणून दाखवा.