रंगीत तालीम नापास झालेली बरी

विदर्भातल्या एका महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात माझा शाळासोबती आहे. मार्चच्या शेवटी त्याने वर्गाच्या ग्रुपवर विचारलं : "आमच्याकडे उष्माघाताचा आराखडा तयार आहे, पुढच्या महिन्यात रंगीत तालीम आहे. तुमच्या पॅरिसमध्ये हे सगळं कागदावरच असतं, की कधी चालवून बघतात?"

चालवून बघतात. पण त्यासाठी आधी माणसं मरावी लागली, आणि ती कशी मेली ते सांगितल्याशिवाय आराखड्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

2003 सालचा ऑगस्ट. फ्रान्समध्ये ऑगस्ट म्हणजे सुट्ट्यांचा महिना : मंत्री गावाला, डॉक्टर गावाला, म्हाताऱ्या आई-वडिलांची मुलंही गावाला. पॅरिसमध्ये सलग 9 दिवस पारा 35 च्या वर राहिला. नागपूरकराला हसू येईल, पण एका रात्री तो 25.5 च्या खाली उतरलाच नाही. इथल्या जुन्या इमारतींची छपरं जस्ताच्या पत्र्याची असतात आणि त्यांच्याखालच्या मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्यांत आता काही एकटी म्हातारी माणसंही राहतात. दिवसभर तापलेला पत्रा रात्रभर ऊब सोडत राहतो. देशभरात नेहमीपेक्षा सुमारे 15,000 माणसं जास्त मेली. शवागारं पुरेनात म्हणून पॅरिसजवळच्या रुंगीसच्या घाऊक बाजाराची शीतगृहं वापरावी लागली. कुणीच न्यायला न आलेल्या 57 जणांचं दफन थियेच्या दफनभूमीत झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते. आरोग्य महासंचालकाने त्याआधीच राजीनामा दिला होता.

इथपर्यंत ग्रुपवर लिहिलं आणि उत्तरं सुरू झाली. वर्गातला एक जण, सध्या पुण्यात इंजिनिअर, म्हणाला, "त्यांच्याकडे एसी नाहीत आणि उन्हाची सवय नाही म्हणून मेले. आपल्याला काय होतंय?" हे अर्धं खरं आहे. सवयीने फरक पडतो, आणि इथला आराखडाच ते मान्य करतो : तीन दिवसांची सरासरी रात्री 21 आणि दिवसा 31 च्या वर जाण्याची शक्यता दिसली की पॅरिसमध्ये इशाऱ्याचा विचार सुरू होतो. दक्षिणेकडच्या तुलुझमध्ये दिवसाचा आकडा 36 आहे. पण सवय असलेल्या अहमदाबादेत मे 2010 मध्ये पारा 46.8 वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. त्यातूनच 2013 साली तिथल्या महापालिकेचा आराखडा आला. आपल्या महापालिकांचे आराखडे पुढे त्याच्याच वळणावर गेले.

दुसरी एक वर्गमैत्रीण मध्येच म्हणाली, "आमचा कूलर मागच्या वर्षी ऐन नवतपात बंद पडला, मेकॅनिक चार दिवस फिरकला नाही." कुणीतरी तिला खिशात कांदा ठेवायला सांगितलं. तिचा कूलर मला पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवला.

पॅरिसचे ते 21 आणि 31 कुठून आले, हे महत्त्वाचं. हवामान खात्याने खिडकीबाहेर बघून ते ठरवले नाहीत. मागच्या अनेक वर्षांची तापमानं आणि त्या-त्या दिवसाचे मृत्यू शेजारी ठेवून, कोणत्या आकड्यापासून मृत्यूंचा आलेख उडी मारतो ते पाहिलं. रात्रीचा आकडा त्यात मुद्दाम घेतला, कारण शरीर सावरतं ते रात्री. अहमदाबादनेही आपले 41, 43 आणि 45 हे टप्पे मृत्यूंच्या नोंदीवरूनच बेतले. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांनी आराखडा घेतला, पण हा हिशेब केला नाही. नागपुरात मे महिन्यात दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरीच 42-43 च्या आसपास असते. तिथे सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त किंवा थेट 45 होण्याची वाट पाहायची, तर 44 चे पाच दिवस आणि त्यामधल्या पाच तापलेल्या रात्री इशाऱ्याच्या कुठल्याच रंगात बसत नाहीत. हवामान खातं उष्ण रात्रीचा इशाराही देतं, पण मनपाची यंत्रणा हलते ती सहसा दिवसाच्या आकड्यावर.

यावर शाळासोबत्याने लगेच पकडलं : "मृत्यूंची रोजची नोंद कुठून आणू? आमच्याकडे उष्माघाताचे 'संशयित' मृत्यू समितीपुढे जातात. तिचा निकाल येईपर्यंत पाऊस पडतो." त्याचा मुद्दा बरोबर आहे. फूटपाथवर सापडलेल्या अनोळखी माणसाच्या कागदावर उष्माघात लिहिला जाईलच असं नाही. पण इशाऱ्याचा उंबरठा ठरवायला मृत्यूचं कारण लागत नाही. मागच्या दहा उन्हाळ्यांत स्मशानघाट, दफनभूमी आणि जन्म-मृत्यू विभागात रोज किती नोंदी झाल्या, तेवढी एकच ओळ पुरते. ती मनपाच्याच कपाटात असते.

दुसरी गोष्ट यादीची. 30 जून 2004 च्या कायद्याने इथल्या प्रत्येक महापौरावर एकट्या, वृद्ध आणि अपंग रहिवाशांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकली. त्याच कायद्याने लोकांकडून बिनपगारी कामाचा एक दिवस घेतला आणि ते पैसे वृद्धांच्या व अपंगांच्या सेवेला लावले. त्यावर लोक आजही कुरकुरतात. आपल्याकडचे 37 आराखडे दिल्लीच्या एका संशोधन संस्थेने 2023 मध्ये तपासले, तेव्हा पैसा कुठून येणार हे त्यातल्या 11 आराखड्यांतच होतं, आणि कोणाला धोका जास्त आहे याचा अभ्यास दोनच आराखड्यांत होता.

इशारा मिळाला की पालिकेची माणसं नोंदवहीतल्या लोकांना फोन लावतात. फोन उचलला नाही तर नातेवाइकाला विचारतात, नाहीतर कुणीतरी दारावर जातं. ऐकायला छान वाटतं. माझ्या इमारतीत सहाव्या मजल्यावर जस्ताखाली एक आजी राहतात. मी त्यांच्यासाठी अर्ज घेऊन गेलो : नाव, जन्मतारीख, फोन, डॉक्टर, अडचणीत कळवायची व्यक्ती. शेवटच्या रकान्याशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे म्हाताऱ्यांसाठी आहे ना? मग खालच्या मजल्यावर विचारा." अर्ज तसाच परत आला. नोंदणी ऐच्छिक असल्याने ज्यांना फोन यायला हवा तेच त्यात नसतात. इथल्या आराखड्याचं हे भोक वीस वर्षांत बुजलेलं नाही. जुलै 2006 च्या लाटेत सुमारे 2,000 जास्त मृत्यू झाले. 2003 पर्यंतच्या अनुभवावरून अंदाज मात्र साडेसहा हजारांच्या जवळ जात होता. म्हणजे यंत्रणेचा उपयोग झाला, पण 2023 च्या उन्हाळ्यातही उष्णतेने 5,000 हून जास्त माणसं नेली, आणि त्यातली बहुतेक इशारा नसलेल्या दिवशी.

याच नोंदवहीचा दुसरा उपयोग मार्च 2020 मध्ये झाला. टाळेबंदी लागल्यावर अनेक पालिकांनी उन्हाळ्याची यादी काढून वृद्धांना फोन करायला सुरुवात केली. रोग वेगळा, दार तेच. पण त्याच ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली आणि दोन आराखडे एकमेकांच्या अंगावर आले. एक म्हणतो, म्हाताऱ्यांना एका थंड खोलीत आणा, पंखा लावा. दुसरा म्हणतो, माणसं एकत्र बसवू नका, पंख्याने हवा फिरवू नका. आपल्याकडे हा पेच दरवर्षी असतो आणि तो त्या मैत्रिणीच्या कूलरमध्येच आहे. उन्हाळ्याचा आराखडा कूलर लावा सांगतो. जूनमध्ये तोच कूलर टाकीतल्या पाण्यासकट गॅलरीत पडून राहतो, त्यात एडिस डासाच्या अळ्या होतात आणि मलेरिया-फायलेरिया विभागाची माणसं टॉर्च घेऊन फिरतात. दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात. कूलर उतरवतानाच कोरडा करा, हे सांगणारा कागद कुणाच्या टेबलावर असावा, हे ठरलेलं नसतं.

आता तालमीबद्दल. ऑक्टोबर 2023 मध्ये पॅरिस पालिकेने 50 अंशांची कल्पना करून दोन दिवस सराव केला. एक दिवस तेराव्या आणि एकोणिसाव्या विभागात प्रत्यक्ष रस्त्यावर. शाळेतली मुलं जुन्या बंद रेल्वेमार्गाच्या गार बोगद्यात नेली. दुसरा दिवस टेबलाभोवती, एकापाठोपाठ येणाऱ्या बातम्यांवर निर्णय घेत. ऑक्टोबरच्या गारव्यात 50 अंशांचं नाटक हास्यास्पद वाटतं, हे इथलेही लोक म्हणाले. पण तालमीचं काम उन्हाचा अनुभव देणं हे नाहीच. बोगद्याची किल्ली कोणाकडे आहे, मुलांना तिथे नेण्याची परवानगी कोण देणार, वीज गेली तर निर्णय घेणाऱ्यांचे फोन चालतात का, हे बघायचं. आणि 2021 च्या एका कायद्याने आपत्ती आराखडा असलेल्या प्रत्येक पालिकेला किमान दर 5 वर्षांनी सराव बंधनकारक आहे.

इंग्लिश खाडीपलीकडचा धडा उलटा आहे. ब्रिटनने ऑक्टोबर 2016 मध्ये 'सिग्नस' नावाचा फ्लूच्या साथीचा सराव केला. तीव्र साथीचा भार यंत्रणेला झेपणार नाही, असा स्पष्ट निष्कर्ष निघाला. तो अहवाल सरकारने जाहीरपणे लोकांपुढे ठेवला 2020 मध्ये, साथ आल्यानंतर.

म्हणून सोबत्याला मी विचारलं, तुमच्या तालमीत नक्की काय होतं? "सकाळी अकराला. रुग्णवाहिका येते, एक जण बेशुद्ध पडतो, त्याला कोल्ड वॉर्डात नेतात, फोटो काढतात. सगळ्यांना दोन दिवस आधी माहीत असतं." मी त्याला सुचवलं की एकच प्रभाग घे आणि तालीम दुपारी तीनला, न सांगता कर. वॉर्डात बर्फ आहे का? पुरवठादाराचा फोन कोण उचलतो? थर्मामीटर 42 च्या वर वाचतो का? उष्माघाताच्या माणसाला अर्ध्या तासात 39 च्या खाली आणायला हवं, आणि ते रुग्णवाहिकेतच सुरू व्हायला हवं. मग घड्याळ लावून बघ, पहिल्या फोनपासून पहिल्या बर्फापर्यंत किती मिनिटं जातात. जे जमलं नाही त्यापुढे अधिकाऱ्याचं पद आणि तारीख लिही. त्या कागदावर एकही ओळ आली नाही तर तालीम पुन्हा कर.

तो म्हणाला, बर्फाचं बघतो. यादी मात्र त्याच्याकडे नाही. तिशीपुढच्या लोकांची माहिती आशा सेविका भरून घेतात, त्यात रक्तदाब, मधुमेह सगळं आहे, पण ती दुसऱ्या कार्यक्रमाची आहे आणि उन्हाळ्यासाठी वापरायची तर वरून पत्र लागेल. शिवाय फूटपाथवर झोपणारा त्या यादीत येतच नाही. पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, आधारवरून काढा. त्यावर सोबत्याने नुसता हसण्याचा इमोजी टाकला आणि लिहिलं की पत्राचा मसुदा आज आयुक्तांच्या टेबलावर ठेवतोय, तालमीची वेळ मात्र अकराचीच राहील, कारण पाहुणे ठरले आहेत.